गट सोडा, माणूस सोडू नका

सुरतच्या भेस्तानमध्ये धुळे-जळगावकडून आलेली घरं पुष्कळ. त्यामुळे गावचा, भावकीचा, सोसायटीचा असे व्हॉट्सअ‍ॅप गट रोज वाढतात. गेल्या आठवड्यात गावाकडच्या एका मावसभावाने मला लग्न जमवणाऱ्या मोठ्या गटात घातलं. दिवसाला दोनशे बायोडाटा, आणि आमच्या घरात लग्नाचं कोणीच नाही. मी लगेच बाहेर पडलो नाही. आधी त्यालाच वेगळा निरोप लिहिला: “भाऊ, आठवणीनं घेतलंस, बरं वाटलं. आमच्याकडे सध्या कुणाचं बघायचं नाही, म्हणून आज रात्री गटातून निघतो. ओळखीत स्थळ निघालं तर तुलाच फोन करीन.” त्याचा होकार आला, मग निघालो. हा क्रम महत्त्वाचा आहे. 2022 पासून गट सोडल्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनना जाते. पण आपल्याला घेणारा बहुधा अ‍ॅडमिनच असतो, आणि गटाच्या माहितीत सोडून गेलेल्यांची नावं 60 दिवस सगळ्यांना दिसतात. म्हणजे गुपचूप निघणं खरं गुपचूप नसतं. पुढच्यासाठी Settings > Privacy > Groups मध्ये My contacts except निवडून त्यात ज्यांची नावं टाकाल, त्यांना तुम्हाला थेट घालता येत नाही. त्यांना आमंत्रण पाठवावं लागतं आणि ते तीन दिवसांनी आपोआप संपतं. मात्र त्या तीन दिवसांत दोन ओळींचं उत्तर द्याच. नुसत्या गप्प बसण्यानेच माणूस दुखावतो.