उलटणारा ताप आणि धारोष्ण दूध

मागील पिढीतील घरांमध्ये धारोष्ण दुधाला औषधाचे स्थान होते. गोठ्यात बसून काढलेल्या दुधाचा पहिला फेसाळ पेला घरातील वृद्धाच्या हाती देणे ही सेवाच मानली जाई, आणि यवतमाळ जिल्ह्याच्या अनेक खेड्यांत ती आजही मानली जाते. या पेल्यातून येणाऱ्या ब्रुसेलोसिस या आजाराविषयी आज लिहीत आहे. तो ओळखणे कठीण आहेच. परंतु बरा झाला असे वाटत असतानाच तो उलटतो, आणि घरच्यांची खरी दमछाक तेव्हा होते.

एक उदाहरण कल्पू या. दारव्हा तालुक्यातील सत्तर वर्षांचे एक आजोबा. घरी एक गाय आणि चार शेळ्या. पौषात गाय सातव्या महिन्यातच गाभडली आणि जार अडकला. आजोबांनी उघड्या हातांनी तो ओढून काढला. पुढे तिचे दूध ते रोज सकाळी न तापवताच घेत राहिले. तीन आठवड्यांनी त्यांना संध्याकाळचा ताप येऊ लागला. रात्री अंथरूण भिजवणारा घाम, सकाळी बरे वाटणे, पुन्हा दिवेलागणीला कणकण. कंबर धरली, अन्नावरची वासना गेली. गावातील डॉक्टरांनी मलेरिया तपासला, तो निघाला नाही. टायफॉइडची विडाल चाचणी थोडी वाढलेली आली, म्हणून पाच दिवस गोळ्या दिल्या. ताप उतरला आणि पंधरवड्यात परतला.

येथे निदानाला खरी कलाटणी देतो तो एक साधा प्रश्न: घरी जनावर आहे का, आणि ते गाभडले होते का? तो डॉक्टरांनी विचारला नाही, तर सोबत गेलेल्या सुनेने वा मुलाने आपणहून सांगावा. मग रक्ताची ब्रुसेलासाठीची चाचणी होते. आजोबांच्या रक्तात प्रतिपिंडांचे प्रमाण १:६४० आढळले. लक्षणे असताना १:१६० आणि त्यापुढचे प्रमाण सामान्यतः आजाराच्या बाजूने धरले जाते. रक्तातून जंतू वाढवून पाहणे ही अधिक खात्रीची पद्धत, पण हा जंतू सावकाश वाढतो आणि प्रत्येक वेळी सापडतोच असे नाही. प्रयोगशाळेला संशयाची पूर्वसूचना दिलेली बरी, कारण तेथील कर्मचाऱ्यांनाही त्यापासून लागण होऊ शकते.

हा जंतू जुना परिचित आहे. १८८७ साली डेव्हिड ब्रुस यांनी माल्टा बेटावर तापाने मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून तो मिळवला. तो येतो कोठून, हे कोडे मात्र १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामिट यांनी सोडवले: धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या दुधातून. आपल्या सीमेलगतच्या विजापूर जिल्ह्यात डॉ. बसप्पा मंतूर आणि सहकाऱ्यांनी १६ वर्षांत अशा ४९५ प्रौढ रुग्णांची नोंद केली. तिथे आजार आहे आणि इकडे नाही, असे मानण्यास कारण नाही. शोधले की सापडतो, एवढेच.

आता उपचाराकडे. आपल्या शरीरात जंतूंना गिळणाऱ्या पेशी असतात. ब्रुसेला गिळला जातो, पण मरत नाही. त्या पेशीच्या आतच घर करून राहतो. प्लीहा, यकृत, अस्थिमज्जा आणि मणके येथे तो अशा रीतीने दडतो. रक्तातील औषध तेथवर पुरेसे पोहोचत नाही, आणि दडलेला जंतू हळूहळू वाढत असल्याने लवकर मरतही नाही. म्हणून एक औषध पुरत नाही, आणि थोडे दिवसही पुरत नाहीत. डॉक्सिसायक्लिन पेशीत शिरते. ती मुख्य आधार. १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पूर्ण सहा आठवडे. तिच्या जोडीला दोनपैकी एक: रोज रिफाम्पिसिन ६०० ते ९०० मिलिग्रॅम, तेही सहा आठवडे, किंवा स्ट्रेप्टोमायसिनचे रोज एक इंजेक्शन, दोन ते तीन आठवडे.

दोन्हींची तुलना झालेल्या अभ्यासांत स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीत आजार उलटण्याचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले आहे. एक कारण असे मानले जाते की रिफाम्पिसिन यकृताला औषधे लवकर मोडण्यास प्रवृत्त करते, आणि त्यात डॉक्सिसायक्लिनचीही पातळी घटते. मग सर्वांना स्ट्रेप्टोमायसिनच का देऊ नये? कारण ते कानाच्या आतील नसा आणि मूत्रपिंडे यांना इजा करू शकते. सत्तरीत ऐकू कमी येत असेल, चालताना तोल जात असेल, क्रिएटिनिन वाढलेले असेल, तर ते टाळावे लागते. द्यायचेच तर वयानुसार मात्रा कमी करून व तपासण्या करत. शिवाय रोज दवाखान्यात जाणे आले. आजोबांना आधीच कमी ऐकू येत होते, म्हणून रिफाम्पिसिन निवडले गेले. हा निर्णय योग्यच होता.

मात्र या निवडीची किंमत घरच्यांना माहीत असावी. लघवी केशरी होते, ती घाबरण्याची गोष्ट नाही. परंतु मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या काही गोळ्यांचा प्रभाव रिफाम्पिसिन कमी करते. आजोबांची साखर दुसऱ्या आठवड्यात वाढली, त्याचे कारण जेवण नव्हते. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्यासोबत, बसून घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत व्रण होतो. दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या आणि आम्लपित्ताची औषधे काही तासांच्या अंतराने घ्यावीत. विदर्भाच्या उन्हात त्वचा लवकर भाजते, डोक्यावर टोपी हवी.

चौथ्या आठवड्यात आजोबांना भूक लागू लागली, ताप नव्हता, पोटात मात्र जळजळ होत होती. त्यांनी औषधे बंद केली. कुणी त्यांना सांगितले नव्हते की ताप पहिल्या काही दिवसांतच ओसरतो आणि उरलेले आठवडे दडलेल्या जंतूंसाठी असतात. दोन महिन्यांनी ताप परतला, पहिल्यापेक्षा सौम्य, पण कंबर अधिक दुखत होती.

पूर्ण औषध घेऊनही शंभरांत काहींना आजार उलटतो. बहुतेक वेळा उपचार संपल्यावर सहा महिन्यांच्या आत. जंतू औषधांना दाद देईनासे झाले म्हणून हे घडते असे सहसा नसते, त्यामुळे तीच औषधे पुन्हा, पूर्ण मुदतीने, काम करतात. परंतु आधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक, जंतू मणक्यात शिरला आहे का. आजोबांच्या कमरेच्या एमआरआयमध्ये तसे दिसले. हे चित्र मणक्याच्या क्षयासारखेच भासते आणि रिफाम्पिसिन क्षयावरही असल्याने अर्धवट गुण येऊन गोंधळ वाढतो. अशा वेळी उपचार किमान तीन महिन्यांचा होतो. हृदयाच्या झडपेत जंतू बसला असेल, तर तो याहून गंभीर प्रसंग. धाप, पायांवर सूज दिसल्यास इकोची तपासणी मागावी. दुसरी गोष्ट, हे उलटणे आहे की नवी लागण. आजोबांचे दूध तापवणे अजूनही सुरू झाले नव्हते. दूध चांगले उकळून घेणे एवढ्याने ती वाट बंद होते. दही, लोणी यांसाठीही तेच दूध आधी उकळावे, आणि चीक कच्चा चाखू नये.

उपचार संपल्यावर रक्तातील प्रतिपिंडे महिनोन्महिने राहू शकतात. केवळ त्या एका आकड्यावरून औषध वाढवू नये किंवा आजार उलटला असे मानू नये. ताप, घाम, वजन आणि कंबर यांची वहीत नोंद ठेवून सहा महिने डॉक्टरांना दाखवावी.

गायीचे काय? गाभडलेल्या जनावराचा जार व गर्भ हातमोजे घालून उचलावा आणि चुना टाकून खोल पुरावा. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना एकदाच ब्रुसेलाची लस देण्याची सोय २०१९ पासूनच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात आहे; पशुवैद्यकीय दवाखान्यात त्यासाठी विचारता येते. ती जिवंत जंतूंची लस आहे. टोचताना सुई माणसाच्या हातात शिरली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.