साप्ताहिक कीड-अहवाल : सरासरी नव्हे, सलग रात्री

कापसावरील गुलाबी बोंडअळीचे सर्वेक्षण करणाऱ्या पथकाचा साप्ताहिक अहवाल लांबला, की निर्णयाची ओळ त्यात हरवते. त्याऐवजी दर आठवड्यास तोच राहणारा, गावागणिक एका ओळीचा तक्ता वापरणे श्रेयस्कर ठरते.

त्यात चार रकाने पुरेसे आहेत : गाव, कामगंध सापळ्यात प्रति सापळा 8 किंवा अधिक पतंग सापडलेल्या सलग रात्री, तपासलेल्या 20 हिरव्या बोंडांपैकी किडलेली बोंडे, आणि पुढील कृती, ती करणाऱ्याच्या नावासह.

सरासरीचा रकाना मात्र हेतुतः टाळावा. एखाद्या गावी सात रात्रींत प्रति सापळा 2, 3, 9, 10, 9, 5 आणि 4 पतंग सापडले, तर सरासरी 6 येते व गाव सुरक्षित भासते. वस्तुतः सलग तीन रात्री 8 पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी तेथे ओलांडलेली असते. 20 पैकी 2 बोंडे किडलेली आढळली, तरी 10 टक्क्यांची पातळी गाठली जाते. अशी गावे तक्त्यात सर्वांत वर लिहावीत.

न पाहिलेल्या सापळ्यापुढे शून्य लिहू नये. ‘पाहिला नाही’ असेच लिहावे. खोटे शून्य सलग रात्रींची साखळी तोडते आणि इशारा दडपते.

रोजची मोजणी वहीतच राहावी. वही नियमित भरलेली असेल, तरच हा तक्ता काही मिनिटांत पूर्ण होतो.