पडजिभेच्या पाठीमागे

गेल्या श्रावणात आमच्या शेजारच्या एका साडेपाच वर्षांच्या मुलाविरुद्ध बालवर्गातून जी तक्रार घरी दाखल झाली, तिचा मजकूर एवढाच होता की, मुलगा दांडगा नाही, मंदही दिसत नाही, परंतु बाईंचे सांगणे तो ऐकत नाही. घरच्यांना या तक्रारीत नवे काही आढळले नाही. हाक मारल्यावर तिसऱ्या खेपेस ‘आँ?’ म्हणणे आणि टीव्हीचा आवाज परस्पर वाढवून ठेवणे हे त्याचे नित्याचेच वर्तन होते. आणि खाऊचा डबा उघडल्याची चाहूल मात्र त्यास एखादे दिवशी शेजारच्या खोलीतूनही लागत असल्याने, हा सारा मामला ऐकू न येण्याचा नसून न ऐकण्याचा आहे, असा निकाल वडिलांनी केव्हाच देऊन टाकलेला होता. आजी तेवढी कनवाळू. तिने रोज रात्री कोमट तेलाचे दोन थेंब त्याच्या कानांत सोडण्याचा परिपाठ ठेवला. तेल बिचारे पडद्यापर्यंत जाऊन थबकत असे, कारण अडथळा पडद्याच्या पलीकडे होता.

चाळीस वर्षे कान, नाक आणि घसा यांचा व्यवसाय करून मी निवृत्त झालो असलो, तरी शेजारधर्मातून निवृत्ती मिळत नाही. मुलाला पाहताच प्रथम माझ्या नजरेत भरले ते त्याचे उघडे तोंड, आणि नंतर त्याचे बोलणे: ‘मामा’ हा शब्द तो जवळजवळ ‘बाबा’ असा उच्चारीत होता. सर्दीत आपलेही असेच होते; परंतु या मुलाची सर्दी बारमाही होती, आणि रात्री तो आजोबांच्या तोडीस तोड घोरत असे.

नाकाच्या पोकळीचा जेथे शेवट होतो, तेथे मऊ टाळूच्या वर आणि पडजिभेच्या पाठीमागे लसिकापेशींची एक उशी असते. तिलाच अ‍ॅडिनॉइड म्हणतात. टॉन्सिलची ही सख्खी बहीण, परंतु टॉन्सिल ज्याप्रमाणे ‘आ’ करताच दिसतात, त्याप्रमाणे ही दिसत नाही. श्वासाबरोबर येणाऱ्या जंतूंची ओळख शरीरास करून देणे हे तिचे काम. साधारण तीन ते सात वर्षांच्या दरम्यान ती सर्वांत मोठी असते आणि वयात येईपर्यंत बहुधा आपोआप आक्रसते. मधल्या काळात तिचा जाच दोन बाजूंनी होतो. समोरची नाकाची वाट तिच्यामुळे बुजते, आणि दोन्ही बाजूंस उघडणारी कर्णनलिकांची तोंडे सुजतात किंवा दबतात. मुलांमध्ये ही नलिका मुळातच आखूड आणि आडवी असते. तिच्यातून मध्यकर्णात हवा पोहोचेनाशी झाली की, आतली हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो, आणि त्यामागे प्रथम पातळ, पुढे डिंकासारखा चिकट द्रव साचतो. कान दुखत नाही, ताप येत नाही. फक्त जग थोडे दूर जाते. शिवाय हा द्रव कमीजास्त होत असल्याने ऐकणेही आज बरे तर उद्या वाईट असे चालते, आणि म्हणूनच खाऊच्या डब्याचा पुरावा ग्राह्य धरता येत नाही.

ही उशी आणि कमी ऐकू येणे यांचा संबंध प्रथम ठामपणे मांडला तो कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर या डॉक्टराने, 1868 साली. ऐकू कमी येणाऱ्या आणि बोलणे कोंदटलेल्या एका तरुण स्त्रीच्या टाळूमागे बोट घालून त्याने ही वाढ चाचपली आणि लहानशा कड्यासारख्या पात्याने ती खरवडून काढली.

आमच्या मुलाचे पडदे निस्तेज आणि आत ओढलेले दिसले. पडद्याची हालचाल मोजणाऱ्या चाचणीत जेथे डोंगराचे शिखर उमटावयास हवे, तेथे दोन्ही कानांची रेषा सपाट आली. श्रवणमापनात ऐकण्याची पातळी 35 डेसिबलवर निघाली, म्हणजे समोर बसून बोललेले कळावे आणि वर्गाच्या गलक्यात पाठीमागून सांगितलेले निसटावे इतकी. बाजूने काढलेल्या क्ष-किरण चित्रात अ‍ॅडिनॉइडची गाठ चांगलीच मोठी होती. ते चित्र पाहून वडिलांनी शस्त्रक्रियेची तारीख मागितली, आणि मी ती तहकूब केली.

माझे म्हणणे असे की, शस्त्रक्रिया चित्रातल्या सावलीवर करावयाची नसते. गाठ मोठी असून मूल सुखाने झोपते आणि नीट ऐकते, अशी उदाहरणे थोडी नाहीत. मध्यकर्णातला द्रव अनेक मुलांत आपोआप निचरतो, म्हणून साधारण तीन महिन्यांची मुदत द्यावी, असा रिवाज आहे. या मुदतीत अँटिबायोटिकांचा किंवा सर्दीच्या गोळ्यांचा त्या द्रवावर उपयोग होत नाही; नाकात मारावयाच्या स्टेरॉइडच्या फवाऱ्याने नाक मोकळे होण्यास काही मुलांत मदत होते, तीही काही आठवडे नियमाने वापरल्यास. बाईंना सांगून मुलास पहिल्या बाकावर बसविले. नुसत्या वारंवारच्या सर्दीखोकल्यासाठी गाठ काढण्याचा आग्रह धरणाऱ्यांस मी नेदरलँड्समधील 2011 सालच्या एका अभ्यासाची आठवण करून देत असतो: एक ते सहा वर्षांच्या 111 मुलांपैकी काहींची गाठ काढली, काहींची नाही, आणि दोन वर्षांत दोन्ही गटांची आजारपणे सारख्याच प्रमाणात ओसरली. बालवाडीतल्या मुलास वर्षाकाठी सहा-आठ वेळा सर्दी व्हावयाचीच.

तीन महिन्यांनी मात्र आमच्या मुलाचे कान जसेच्या तसे होते. त्याहून महत्त्वाचा पुरावा आईने मोबाइलवर आणला: घोरता घोरता मुलगा एकाएकी निःशब्द होई, छाती ओढली जाई पण श्वास आत जात नसे, आणि मग दचकून, गुदमरल्यासारखा आवाज करून तो पुन्हा सुरू होई. साधे घोरणे आणि असे खंडित घोरणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. टॉन्सिल लहान होते, त्यामुळे त्यांना हात लावण्याचे कारण नव्हते. दोन्ही कानांचे ऐकणे तीन महिन्यांनंतरही उणे, वय चारच्या पुढे, आणि झोपेत श्वासाला अडथळा, एवढे एकत्र आल्यावर मीच शस्त्रक्रियेचा सल्ला दिला.

तत्पूर्वी शल्यविशारदाने एक गोष्ट पाहिली, जी कोणीही विसरू नये: पडजीभ दुभंगलेली तर नाही ना, आणि टाळूत झाकलेली फट तर नाही ना. तसे असल्यास ही उशीच नाक आणि घसा यांमधले दार बंद करण्यास हातभार लावीत असते, आणि ती सरसकट काढल्यास बोलणे नाकातून येऊ लागते, पाणी पिताना नाकात चढते. ताज्या सर्दीमुळे एक तारीख आणखी पुढे गेली. अखेर पूर्ण भूल देऊन, तोंडावाटेच, बाहेर एकही छेद न घेता गाठ काढली, आणि त्याच भुलीत पडद्यांत ग्रॉमेट नावाच्या चिमुकल्या नळ्या बसविल्या; त्या बहुधा वर्षभराच्या आतबाहेर स्वतःहून गळून पडतात. पहिल्या दिवसाची खरी धास्ती रक्तस्रावाची. लाल ताजे रक्त नाकातोंडावाटे आले, किंवा मूल निजल्या निजल्या सारखे गिळू लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, ही ताकीद लेखी दिली होती. तसे झाले नाही. चार-सहा दिवस तोंडाला दुर्गंधी आली, ती अपेक्षितच होती.

सहा आठवड्यांनी श्रवणमापन 15 डेसिबलवर आले. घोरणे थांबले, तोंड उघडे ठेवण्याची सवय अजून अधूनमधून डोके वर काढते, आणि सर्दी पूर्वीसारखीच येते-जाते. वडिलांची समजूत पटली. आजीची घालताना मात्र घाम फुटला, कारण आजवर जे तेल निरुपयोगी म्हणून मी सोसले होते, ते आता पडद्यातल्या त्या नळीवाटे थेट आत उतरेल म्हणून सक्त मनाई करणे भाग पडले. बाटली तिने फेकली नाही. देवघरातील समईशेजारी नेऊन ठेवली आहे.