अमानत एकाच बाजूची

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी कळमनुरीहून घरी आला. पाणी पिऊन होताच त्याने मोबाइल पुढे केला. "सर, खात्यात 18,000 रुपये दिसतात, पण निघत नाहीत. बँकवाले म्हणतात, लियन लागलंय."

मुलगा परदेशातल्या लोकांसाठी वेबसाइटची चित्रे तयार करतो. मजुरी यूएसडीटीमध्ये मिळते. हे असे चलन आहे, ज्याचा भाव एका डॉलरच्या आसपास ठेवलेला असतो. दुकानात ते चालत नाही, म्हणून रुपये करून घ्यावे लागतात. त्याने एका अॅपवरच्या पी-टू-पी बाजारात 200 यूएसडीटी 90 रुपये भावाने विकले होते. पी-टू-पी म्हणजे माणसाने माणसाला थेट विकणे.

"पण सर, अॅपमध्ये एस्क्रो होतं ना!" हे तो तीनदा म्हणाला. घोटाळा नेमका याच शब्दात आहे.

एस्क्रोला आपल्या घरातला शब्द अमानत. सौदा ठरला की अॅप विकणाऱ्याच्या पाकिटातून 200 यूएसडीटी काढून आपल्याकडे अडकवून ठेवते. मग घेणाऱ्याला थोडी मुदत मिळते, बहुधा 15 मिनिटांची. तेवढ्यात तो यूपीआय किंवा आयएमपीएसने 18,000 रुपये थेट विकणाऱ्याच्या बँक खात्यात टाकतो आणि 'पैसे पाठवले' हे बटण दाबतो. विकणारा खाते पाहतो, 'मोकळे करा' दाबतो आणि अमानत घेणाऱ्याकडे जाते.

आता नीट पाहा. अॅपने अमानत कशाची ठेवली? फक्त यूएसडीटीची. रुपये अॅपच्या हातात आलेच नाहीत. वसमतच्या मोंढ्यात अडत्याने हळदीची पोती सांभाळावीत आणि व्यापाऱ्याने पैसे परस्पर शेतकऱ्याच्या हातात द्यावेत, तसा हा प्रकार. नोटा कुठून आल्या, हे अडत्याला ठाऊक नसते.

परदेशात कार्डाने दिलेले पैसे देणाराच तक्रार करून परत ओढू शकतो. आपल्याकडे यूपीआयने गेलेले पैसे देणाऱ्याला आपल्या मर्जीने परत घेता येत नाहीत, म्हणून मुलांना वाटते की जमा झाले म्हणजे पक्के. पण दुसरा रस्ता आहे. समजा, दुसऱ्या राज्यात कुणी एका बाईंना फसवले आणि त्यांना 18,000 रुपये 'विक्रेत्याच्या' खात्यात टाकायला सांगितले. ते खाते आपल्या मुलाचे. त्याने जमा पाहून यूएसडीटी मोकळे केले, ठग ते घेऊन गेला. नंतर बाईंनी 1930 वर तक्रार केली. पैसा ज्या खात्यात गेला, तिथे बँक ती रक्कम रोखते. कधी तेवढीच, कधी सगळे खाते. रुपये अडकले आणि यूएसडीटी परत येणे तर जवळपास अशक्यच, कारण ते एकदा दुसऱ्याच्या पाकिटात गेले की विकणाऱ्याला फिरवता येत नाहीत.

मी त्याला बँकेचे विवरण उघडायला लावले. अॅपमध्ये घेणाऱ्याचे नाव एक होते, पैसे पाठवणाऱ्या खात्याचे नाव दुसरेच, तेही एका बाईचे. "हे पाहिलं नाहीस?" तो म्हणाला, "रक्कम बरोबर होती ना सर."

नाव जुळले नाही तर 'मोकळे करा' दाबायचे नाही. त्याच सौद्यात तक्रारीचे बटण असते, ते दाबायचे. समोरचा म्हणेल, "भावाच्या खात्यातून टाकले, नाहीतर या दुसऱ्या नंबरवर परत करा." दुसऱ्या नंबरवर तर मुळीच नाही. रक्कम परत करायचीच झाली तर ज्या खात्यातून आली त्याच खात्यात, आणि तेही अॅपच्या मदत विभागाला कळवून. जमा झाल्याचा एसएमएस किंवा पाठवलेला स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, दोन्ही बनावट करता येतात. बँकेचे अॅप स्वतः उघडून शिल्लक पाहावी.

घेणाऱ्याची चूक वेगळी असते. पैसे टाकून तो 'पाठवले' दाबायला विसरतो, मुदत संपते, सौदा आपोआप रद्द होतो आणि अमानत विकणाऱ्याकडे परत जाते. किंवा विकणारा गोड बोलतो, "सर्व्हर अडकलाय, तुम्ही रद्द करा, नवा सौदा लावतो." रुपये दिल्यावर 'रद्द' दाबणे म्हणजे अमानतीवरचा आपला हक्क सोडणे.

हा व्यवहार बेकायदा आहे का, असे त्याच्या अब्बांनी फोनवर विचारले. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये बँकांना अशा व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले होते. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी रद्द केले. आज बंदी नाही, नफ्यावर 30 टक्के कर आहे. पण बंदी नाही म्हणून लियन लागत नाही असे नव्हे.

दुसऱ्या दिवशी आम्ही बँकेत गेलो. लेखी अर्ज देऊन तक्रारीचा क्रमांक, राज्य आणि पोलीस ठाणे मागून घेतले. मग सौद्याचा क्रमांक, अॅपमधले संभाषण, खात्याचे विवरण आणि काम दिलेल्या गिऱ्हाइकाची पावती जोडून त्या ठाण्याला पाठवले. अजून उत्तर नाही. त्याच खात्यात बहिणीची शिष्यवृत्ती येते, म्हणून तिच्यासाठी आता वेगळे खाते उघडले आहे.