क्रेडिट कार्डाचा हप्ता : सांगतात 15 टक्के, पडतो 22 टक्क्यांना

तालुक्याच्या बाजारात आता दूध काढणी यंत्रापासून फ्रीजपर्यंत सगळं ‘कार्डावर हप्ते करून’ मिळतं. पूर्वी ही सोय नोकरदारांपुरती होती. आता दुकानदार, दूध व्यावसायिक आणि शेतकरी घरातल्या पोरांकडेही क्रेडिट कार्ड आलं आहे. मोठी खरेदी केली की बँकेचा मेसेज येतो, ‘तुमचा व्यवहार सोप्या हप्त्यांत बदला’. मोबाईलवर दोन बटणं दाबली की काम झालं. पण बटण दाबताना दिसणारा व्याजदर आणि वर्षाअखेर खिशातून गेलेला पैसा यांचा मेळ बसत नाही. हे कसं होतं, ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा, एका दूध उत्पादकाने 60 हजारांचं दूध काढणी यंत्र कार्डावर घेतलं आणि त्याचे 12 हप्ते केले. व्याज वर्षाला 15 टक्के आणि प्रक्रिया शुल्क 2 टक्के धरू. बँकेगणिक हे आकडे कमी-जास्त असतात, पण हिशोबाची रीत एकच राहते. मोबाईलवर हप्ता दिसतो 5,416 रुपये. बारा हप्त्यांचे होतात सुमारे 64,986. म्हणजे व्याज 4,986 रुपये. बहुतेक जण इथंच थांबतात आणि म्हणतात, ‘60 हजारांवर पाच हजार, काय जास्त नाही.’

खरी गंमत यापुढे आहे. कार्डाच्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो. घरकर्जाच्या किंवा पीककर्जाच्या व्याजावर तो लागत नाही, त्यामुळे अनेकांच्या हे ध्यानातच येत नाही. इथं त्याचे होतात 897 रुपये. प्रक्रिया शुल्क 1,200 आणि त्यावरचा जीएसटी 216, मिळून 1,416. सगळं धरून जादा गेले 7,299 रुपये.

पहिलं बिलच दचकवतं

शुल्क आणि जीएसटी हप्त्याच्या आकड्यात धरलेले नसतात. ते बिलात वेगळ्या ओळीवर येतात. पहिल्या महिन्याचं व्याज 750 आणि त्यावर जीएसटी 135. त्यात शुल्काचे 1,416 मिळवले की 5,416 च्या हप्त्याचं पहिलं बिल येतं 6,967 रुपयांचं. दुसऱ्या महिन्यात ते 5,540 वर येतं आणि पुढं थोडं-थोडं उतरत जातं. ज्याने दुधाच्या दहा दिवसांच्या पगारातून बरोबर 5,416 बाजूला काढले असतील, त्याचे पहिल्याच महिन्यात दीड हजार कमी पडतात. आणि कार्डाचं बिल अर्धवट भरलं, की उरलेल्या रकमेवर कार्डाचं नेहमीचं चढं व्याज सुरू होतं. ते अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला 40 टक्क्यांच्या वर असतं. शिवाय बिनव्याजी मुदत जाते. मग त्याच कार्डावर भरलेल्या डिझेल-किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

12 नव्हे, 22 टक्के

आता व्याजदराकडे वळू. 60 हजारांवर 7,299 म्हणजे सुमारे 12 टक्के, असा हिशोब दुकानात सर्रास सांगितला जातो. तो चुकीचा आहे. कारण 60 हजार वर्षभर वापरायला मिळतच नाहीत. दर महिन्याला त्यातले पाच-साडेपाच हजार परत जातात. सहा हप्त्यांनंतर बाकी राहते 31 हजार, दहा हप्त्यांनंतर जेमतेम साडेदहा हजार. वर्षभराची सरासरी काढली तर आपल्याकडे बँकेचे पैसे होते फक्त 33 हजारांच्या आसपास. या 33 हजारांवर 7,299 रुपये मोजले, म्हणजे दर पडला सुमारे 22 टक्के.

घरी करायची सोपी रीत अशी : व्याज, शुल्क आणि जीएसटी मिळून एकूण जादा रक्कम काढायची. खरेदीच्या रकमेच्या निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे 60 हजारांना साडेबत्तीस हजार, अशी सरासरी बाकी धरायची. तिने जादा रकमेला भागून शंभराने गुणायचं. बारा हप्त्यांसाठी हा आकडा खऱ्याच्या जवळ जातो. हप्ते सहाच असतील तर शुल्काचा भार कमी महिन्यांवर पडतो आणि वार्षिक दर आणखी चढतो. रुपयांत मात्र जादा रक्कम कमीच जाते.

मध्येच फेडलं तर?

शेतकऱ्याचा पैसा महिन्याला येत नाही. सोयाबीन विकलं, उसाचं बिल आलं की एकदम हातात येतो. तेव्हा हप्ते एकदम मिटवावेत, असं वाटणं साहजिक आहे. पण बहुतेक बँका मुदतीआधी कर्ज बंद करायला उरलेल्या रकमेच्या तीनेक टक्के शुल्क घेतात, वर जीएसटी. वरच्या उदाहरणात पाच हप्ते भरून झाल्यावर बाकी राहते 36,082. बंद करायचं शुल्क जीएसटीसह 1,277. पुढचं वाचणारं व्याज जीएसटीसह 2,155. म्हणजे फायदा फक्त 878 रुपये. आठ हप्त्यांनंतर हा फायदा 36 रुपयांवर येतो आणि नऊ हप्त्यांनंतर उलटा तोटा होतो. सुरुवातीला भरलेलं प्रक्रिया शुल्क तर परत मिळतच नाही. त्यामुळे मध्येच मोठी रक्कम हाती आली तर आधी बंद करायचं शुल्क विचारावं आणि उरलेल्या व्याजाशी ताडून पाहावं. फेडायचंच असेल तर पहिल्या तीन-चार महिन्यांत. शेवटी-शेवटी घाई करून काही हाती लागत नाही.

‘नो कॉस्ट’ म्हणजे फुकट नाही

‘बिनव्याजी हप्ता’ अशी पाटी दिसली की ग्राहक निर्धास्त होतो. यात व्याज असतंच. फक्त ते जेवढं होणार तेवढी सूट दुकानदार किंवा कंपनी आधीच किमतीत देते. 60 हजारांच्या वस्तूवर 4,603 रुपये सूट मिळते, कार्डावर 55,397 चा बोजा चढतो आणि 15 टक्के व्याजाने तो पुन्हा 60 हजार होतो. जीएसटी मात्र व्याजावर लागतोच, इथं सुमारे 829 रुपये. प्रक्रिया शुल्क असेल तर तेही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार मुद्दल, व्याज आणि दिलेली सूट या तिन्ही गोष्टी हप्ते करण्याआधी आणि बिलातही वेगळ्या दाखवणं बंधनकारक आहे. व्याज असलेला हप्ता ‘बिनव्याजी’ म्हणून खपवता येत नाही. दुकानात एकच प्रश्न विचारावा : रोखीने घेतलं तर किती कमी कराल? रोखीवर तीन हजार सुटत असतील, तर ‘फुकट’ हप्त्याची खरी किंमत जीएसटीसह पावणेचार हजारांच्या वर जाते.

कार्डाचा हप्ता सरसकट वाईट नाही. पूर्ण बिल भरणं शक्य नसेल तर 60 हजारांची बाकी तशीच ठेवल्यास महिन्याला व्याज आणि जीएसटीचेच अडीच हजारांजवळ जातात. त्यापेक्षा हप्ते केलेले बरे. पण ते देय तारखेच्या आधीच करून घ्यावे लागतात. मात्र घरात सोनं असेल आणि बँक ते 22 टक्क्यांहून बऱ्याच कमी दराने तारण ठेवून घेत असेल, तर तो आकडा आधी विचारावा. तुलना करताना कार्डाच्या बाजूला 15 नाही, 22 लिहावं.