घाटातलं चित्र

रत्नागिरी ते कोल्हापूर, एस.टी.ने चारेक तासांचा रस्ता. नऊ वर्षांच्या सनाने आजवर बसमध्ये अर्ध्या तासापेक्षा जास्त काढला नव्हता. सना स्वमग्न आहे, बोलते मोजकेच, पण चित्र पाहिले की तिला पुढचे समजते.

म्हणून शमीमने आठवडाभर आधी पुठ्ठ्याचे तुकडे कापून चित्रे काढली: बस, पाली, साखरपा, घाट, मलकापूर, कोल्हापूर, नानीचे घर. सगळी एका दोरीत ओवली. दोन संध्याकाळी तिला स्टँडवर नेऊन थांबलेल्या बसचे इंजिन ऐकवले. निघायच्या दिवशी मधली, खिडकीची जागा धरली. मागे धक्के फार बसतात आणि दाराजवळ माणसे अंगावर येतात. बिस्मिल्लाह म्हणून दोघी बसल्या.

साखरप्यापर्यंत छान चालले. गाव गेले की सना चित्र उलटे करी.

आंबा घाटात बस थांबली. पुढे ट्रक बंद पडला होता. दोरीत या थांबण्याचे चित्रच नव्हते. मागच्या गाड्यांनी हॉर्न लावले. सना आधी घशातल्या घशात गुणगुणू लागली, मग कानाची पाळी चोळू लागली. शमीमला ही खूण ठाऊक होती. तिने लगेच पिशवीतून कान झाकायचे हेडफोन काढले, पण उशीर झाला. सना किंचाळली आणि सीटखाली शिरली.

"लाड केले की असंच होतं," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "एक चापट द्या."

"खाला, तिला आवाज सोसत नाहीत. आपण जरा गप्प राहू या."

लेकीला तिने ओढले नाही, काय झाले म्हणून विचारलेही नाही. अशा वेळी प्रत्येक प्रश्न म्हणजे आणखी एक आवाज. हेडफोन तिच्या हाताजवळ सरकवले आणि स्वतः खाली बसून तिच्यावर येणारा उजेड अडवला. कंडक्टर तिकिटे देत पुढे आला होता. मशीनची टिकटिक बंद करून तो म्हणाला, "भाभी, काय करू?"

"पेन द्या, भाऊ."

तिकिटाच्या पाठीवर तिने ट्रक काढला, त्याच्यामागे थांबलेली बस, आणि मग चालू लागलेली बस. कागद सीटखाली धरला. बराच वेळ काहीच झाले नाही. मग एक हात आला आणि कागद आत गेला.

वीस मिनिटांनी बस हलली. सना खालीच राहिली. आंबा गाव मागे पडल्यावर वर आली, हेडफोन लावलेले. आता शमीमने तिची ओढणी खांद्यांभोवती घट्ट लपेटली. तसा दाब तिला आवडतो, पण शांत झाल्यावरच.

मलकापूरला खालांनी बिस्किटचा पुडा पुढे केला. सनाने पुड्याकडे पाहिले नाही. तिने तिकिटावरच्या ट्रकला भोक पाडले आणि ते दोरीत, घाटाच्या पुढे ओवले.