बेरजेत दडलेला गुणाकार

मुंबई-हावडा हा मुख्य लोहमार्ग अमरावती शहरातून न जाता बडनेऱ्यावरून जातो. त्यामुळे लांब पल्ल्याच्या अनेक गाड्यांसाठी अमरावतीकरांना बडनेरा गाठावे लागते. रात्री-अपरात्री उतरणाऱ्या प्रवाशाला तेथून शहरात येण्यासाठी भाड्याचे वाहन शोधावे लागते. एप्रिल २०२५ मध्ये बेलोऱ्याच्या विमानतळावरून प्रवासी सेवा सुरू झाली आणि त्यात विमान प्रवाशांची भर पडली. पूर्वी असा प्रवासी चालकाशी घासाघीस करीत असे. आता मोबाईलवर एक आकडा उमटतो आणि तो मान्य करावा किंवा सोडून द्यावा, एवढेच त्याच्या हाती उरते. घासाघीस गेली याचे दुःख मानण्याचे कारण नाही. मात्र हा आकडा कोणकोणत्या रकमांचा बनलेला आहे, हे प्रवाशाला ठाऊक नसते, आणि त्यातील किती आपल्या हाती येणार, हे पुष्कळदा चालकालाही ठाऊक नसते. ही गोष्ट उपेक्षणीय नाही.

या आकड्याचे साधारणपणे पाच भाग असतात : मूळ भाडे, अंतराचे भाडे, वेळेचा आकार, गर्दीचा गुणक आणि टोल. पहिल्या तीन भागांच्या मागे काही तरी खर्च किंवा श्रम असतात. टोल ही चालकाने पदरचे भरलेल्या पैशांची भरपाई असते. गुणकाच्या मागे मात्र कोणताही खर्च नसतो. म्हणून तो नेमका कशाला लावला आहे, हा सर्वांत कळीचा प्रश्न ठरतो.

प्रथम मूळ भाड्याचा विचार करू. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे १ फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये झाले. ते पहिल्या दीड किलोमीटरसाठी आहे आणि पुढील दर किलोमीटरला २०.६६ रुपये आहे. दीड किलोमीटरला हाच दर लावून पाहिला तर ३१ रुपयेच येतात. म्हणजे सरकारी मीटरवरील किमान भाडे हा वेगळा आकार नसून पहिल्या दीड किलोमीटरचेच मोल आहे. ॲपवरील बिलात ‘बेस फेअर’ म्हणून दिसणारी रक्कम बरेचदा याहून निराळी असते. ती गाडी हलण्यापूर्वीच लागू होते आणि पहिल्या किलोमीटरपासूनचे अंतर तिच्यावर आणखी चढते. शब्द एक आणि अर्थ दोन, असा हा प्रकार आहे. त्यात तिसऱ्या अर्थाचीही भर पडते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘मूळ भाडे’ म्हणजे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६७ खाली राज्याने अधिसूचित केलेले भाडे होय. गुणकाची कायदेशीर मर्यादा या तिसऱ्या अर्थाने मोजायची असते. प्रवासी मात्र बिलाच्या पहिल्या ओळीकडे पाहून ती मोजू लागतो आणि फसतो.

वेळेच्या आकाराबाबतही असाच घोटाळा आहे. मीटर एका वेळी एकच गोष्ट मोजतो. गाडी धावत असताना तो अंतर मोजतो आणि ती थांबली किंवा अगदी मंदावली की वेळ मोजतो. समजा, दर किलोमीटरला २० रुपये आणि थांबण्याच्या दर मिनिटाला २ रुपये, म्हणजे तासाला १२० रुपये, असा दर आहे. तर ताशी सहा किलोमीटर वेगाला दोन्ही हिशेब सारखे होतात. त्याखाली वेळ मोजली जाते आणि त्यावर अंतर. ॲपच्या नेहमीच्या हिशेबात प्रवासाचे प्रत्येक मिनिट आणि प्रत्येक किलोमीटर यांची बेरीज होते. वाहन सुरळीत धावत असले तरी मिनिटे मोजली जातातच. याखेरीज प्रवासी दारातून बाहेर येईपर्यंत चालक ताटकळतो, त्याचा आकार निराळा असतो. हा आकार न्याय्य आहे, कारण तेवढा वेळ चालकाचे उत्पन्न बंद असते. परंतु ‘प्रवासाचा वेळ’ आणि ‘थांबण्याचा वेळ’ या दोन ओळी बिलात स्वतंत्र दिसल्या पाहिजेत, हेही तितकेच खरे.

आता एक उदाहरण घेऊ. त्यातील दर केवळ हिशेबासाठी धरलेले आहेत. राजकमल चौक ते बडनेरा स्थानक हे अंतर दहा किलोमीटर मानू. पहिल्या तीन किलोमीटरचे ७५ रुपये आणि उरलेल्या सात किलोमीटरचे २० रुपयांप्रमाणे १४० रुपये झाले. पंचवीस मिनिटांच्या प्रवासाचे, मिनिटाला एक रुपया या दराने, २५ रुपये धरले. एकूण २४० रुपये झाले. प्रवाशाने दारात पाच मिनिटे जादा थांबविले, त्याचे १० रुपये धरले की बिल २५० रुपयांचे होते. आता गर्दीचा दीडपट गुणक लागला. तो केवळ प्रवासाच्या भाड्याला लावला तर २४० चे ३६० होतात आणि थांबण्याचे १० मिळवून ३७० रुपये भरतात. तो सबंध बिलाला लावला तर ३७५ रुपये होतात. फरक पाच रुपयांचा आहे आणि कोणी त्याकडे लक्षही देणार नाही.

परंतु हाच हिशेब अमरावती ते अकोला या प्रवासाला लावून पाहावा. मूर्तिजापूरवरून जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ चा रस्ता सुमारे शंभर किलोमीटरचा आहे. किलोमीटरला सर्व मिळून १४ रुपये धरले तर भाडे १,४०० रुपये होते. वाटेतील टोल १५० रुपये धरू. दीडपट गुणक भाड्यापुरता असेल तर २,१०० अधिक १५०, असे २,२५० रुपये द्यावे लागतील. गुणक टोलसह लावला तर २,३२५ रुपये होतील. वाढलेले ७५ रुपये टोलनाक्यावर गेले नाहीत आणि चालकाने जादा श्रम केले म्हणूनही आले नाहीत. ते केवळ गुणाकाराच्या जागेतून निर्माण झाले. याच्या उलट बाजूने चालकही नाडला जातो. कंपनीने आपले वीस टक्के टोलसह एकूण रकमेवर कापले, तर त्याने स्वतःच्या फास्टॅगमधून भरलेल्या १५० रुपयांतूनही ३० रुपये जातात. म्हणजे आपणच भरलेल्या टोलवर चालक दलाली देतो.

हे ओळखण्याची रीत सोपी आहे. एकूण रकमेतून प्रथम टोल वजा करावा आणि मग उरलेल्या रकमेला गुणकाने भागावे. येणारा आकडा नेहमीच्या भाड्याशी जुळला तर हिशेब सरळ आहे. वरील उदाहरणात २,२५० मधून १५० वजा करून दीडने भागले की १,४०० येतात. २,३२५ ला हीच कसोटी लावली तर १,४५० येतात, आणि जादा ५० रुपये कुठून आले हा प्रश्न उभा राहतो. गुणक न दाखवता आधीच एकच रक्कम सांगितली जाते, तेथे मात्र ही कसोटी चालत नाही. तेथे शांत वेळेच्या रकमेशी तुलना करणे एवढाच उपाय उरतो.

टोलची आणखी एक बाजू आहे. राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम, २००८ प्रमाणे चोवीस तासांत परत येणाऱ्या वाहनाला जाण्या-येण्याचे मिळून दीडपट शुल्क पडते. म्हणजे १५० रुपये भरून गेलेल्या चालकाला परतताना आणखी ७५ रुपये पडतात. ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला वार्षिक पास खासगी मोटारींपुरता आहे, त्याचा टॅक्सीला उपयोग नाही. एकेरी भाड्याच्या बिलात हे परतीचे ७५ रुपये नसतात आणि परतीच्या शंभर किलोमीटरचे इंधनही नसते. अकोल्याहून अमरावतीचा प्रवासी मिळाला तर ठीक, नाही तर गाडी रिकामी येते. वऱ्हाडातील ट्रॅव्हल्सवाले जाऊन-येऊनचे किलोमीटर धरतात आणि दिवसाचे किमान किलोमीटर ठरवून चालकाचा भत्ता वेगळा लावतात, तो याच कारणाने. ते भाडे जड वाटते, परंतु त्यात रिकाम्या परतीची किंमत उघडपणे मांडलेली असते. एकेरी स्वस्त भाड्यात ती किंमत नाहीशी झालेली नसते, ती चालकाच्या अंगावर ढकललेली असते.

मग गुणकाचे समर्थन काय? मागणी वाढली की दर वाढावा, म्हणजे आणखी गाड्या त्या भागाकडे वळतील आणि प्रवाशाला वाहन मिळेल, असे सांगण्यात येते. मुंबईसारख्या शहरात, जेथे शेजारच्या उपनगरात मोकळ्या गाड्या असतात, या म्हणण्यात काही तथ्य आहे. पण मध्यरात्री बडनेऱ्याला गाडी लागली आणि स्थानकाबाहेर मोजकीच वाहने उभी असली, तर दर दीडपट केल्याने नवी वाहने कोठून येणार? अशा ठिकाणी आहे तीच वाहने अधिक पैसे देऊ शकणाऱ्याला मिळतात आणि कमी ऐपतीचा प्रवासी फलाटावर पहाट होण्याची वाट पाहतो.

शासनाने याला मर्यादा घातल्या आहेत. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी गुणक दीडपटीपर्यंत ठेवला होता. जुलै २०२५ च्या नव्या तत्त्वांनी तो दुपटीपर्यंत नेला. महाराष्ट्राने मे २०२५ मध्ये जाहीर केलेल्या धोरणात दीडपटीचीच मर्यादा राखली, सवलतीला पंचवीस टक्क्यांची सीमा घातली आणि भाड्यातील किमान ८० टक्के वाटा चालकाला मिळावा असे म्हटले. राज्याची भूमिका केंद्राहून अधिक विवेकाची आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु दीडपट कशाच्या, आणि ८० टक्के कशाचे, हे बिलावरून पडताळता येत नसेल तर दोन्ही आकडे कागदावरच राहतील.

अमरावती आणि अकोला येथील प्रादेशिक परिवहन प्राधिकरणांकडून म्हणून तीन साध्या गोष्टींची अपेक्षा आहे. आपापल्या जिल्ह्याचा अधिसूचित दर बडनेरा व अकोला स्थानकांवर मराठीत लावावा, म्हणजे गुणक कशावर मोजायचा हे प्रत्येकाला दिसेल. टोल आणि थांबण्याचा आकार गुणक व दलाली या दोहोंतून वगळण्याची अट परवान्यात घालावी. आणि प्रवाशाला मिळणारे बिल व चालकाला मिळणारा हिशेब यांत त्याच ओळी, त्याच क्रमाने असाव्यात. ज्या दिवशी प्रवासी व चालक आपापले कागद शेजारी ठेवून पाहू शकतील, त्या दिवशी मधली रक्कम कोठे गेली हे विचारण्यासाठी दोघांनाही तिसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.